दोन प्रश्नांची नैराश्य-चाळणी: अचूकतेचा अभ्यास कसा आखावा आणि त्याचे आकडे कसे वाचावेत

‘संवेदनशीलता ९७ टक्के, विशिष्टता ६७ टक्के.’ न्यूझीलंडमधल्या १५ जनरल प्रॅक्टिसमध्ये ब्रूस अ‍ॅरोल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. प्रश्न दोनच होते आणि डॉक्टरांनी ते तोंडी विचारायचे होते. गेल्या महिनाभरात उदास, खिन्न किंवा हताश वाटण्याचा वारंवार त्रास झाला का? काही करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असा त्रास वारंवार झाला का? एकाला जरी ‘हो’ आले तरी चाळणी पॉझिटिव्ह. संवेदनशीलता म्हणजे नैराश्य असलेल्यांपैकी किती जण चाळणीला सापडले, आणि विशिष्टता म्हणजे नैराश्य नसलेल्यांपैकी किती जणांना तिने बरोबर सोडून दिले.

हे प्रश्न त्याआधी, १९९७ मध्ये, मेरी व्हूली यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ५३६ जणांवर तपासले होते. तिथे संवेदनशीलता ९६ टक्के आणि विशिष्टता ५७ टक्के मिळाली. म्हणजे प्रश्न जवळपास तेच असूनही रुग्ण आणि जागा बदलली तशी विशिष्टता दहा टक्क्यांनी हलली. असे का होते आणि आपल्या ओपीडीत अशी चाचणी तपासायची तर काय काय सांभाळावे लागते, हे न्यूझीलंडचा अभ्यास हाताशी धरून पायरीपायरीने पाहू. कम्युनिटी मेडिसिन किंवा सायकियाट्रीत प्रबंध करणारे विद्यार्थी आणि असे पेपर वाचून आपल्या दवाखान्यात काही सुरू करू पाहणारे फॅमिली डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

पायरी १: कोणाला विचारणार, हे आधी लिहून काढा

चाळणीचा उपयोग ज्याचे निदान अजून झालेले नाही अशा माणसासाठी असतो. ज्याला नैराश्य आहे हे डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही ठाऊक आहे, जो गोळ्या घेतो आहे, त्याला हे दोन प्रश्न विचारून नवे काही कळत नाही. तरीही कित्येक अभ्यासांत असे रुग्ण सरसकट घेतलेले असतात. त्यांच्यात आजार तीव्र आणि ओळखीचा असल्याने ते पटकन ‘हो’ म्हणतात आणि संवेदनशीलता फुगते. ब्रेट थॉम्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याकडे लक्ष वेधले होते. नैराश्याच्या चाळणीवरचे फार थोडे अभ्यास आधीच निदान झालेल्यांना वगळतात, असे त्यांना आढळले.

न्यूझीलंडच्या गटाने ही गोष्ट सांभाळली. मानसिक आजाराची औषधे घेणारे रुग्ण त्यांनी घेतले नाहीत आणि उरलेल्यांपैकी ओळीने येणारे ४२१ जण घेतले. ‘ओळीने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ‘डॉक्टरांना योग्य वाटलेले रुग्ण’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे डॉक्टरने नकळत उदास दिसणारे निवडलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्याहून वाईट रचना म्हणजे एका बाजूला मानसोपचार ओपीडीतले पन्नास नैराश्यग्रस्त आणि दुसऱ्या बाजूला पन्नास धडधाकट नातेवाईक. यात दोन्ही आकडे देखणे येतात, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही टोकांची माणसे कमी आणि मधली फार. अर्धवट झोप, पाठदुखी, घरची काळजी आणि थोडी उदासी घेऊन येणारा माणूसच तिथे चाचणीला अडचणीत आणतो.

म्हणून प्रोटोकॉलमध्ये एवढे स्पष्ट हवे: कोणत्या वारी, कोणत्या वेळेतल्या ओपीडीत, कितव्या वयापुढचे सगळे रुग्ण विचारात घेणार, कोणाला वगळणार, नकार देणाऱ्यांची वय-लिंग एवढी तरी नोंद कशी ठेवणार. नकार देणारे बहुधा घाईतले असतात किंवा फार खचलेले. यातले कोण किती, हे न कळल्यास पुढच्या आकड्यांना आधार राहत नाही.

पायरी २: निदानाचा निकष ठरवा आणि तो चाळणीपासून दूर ठेवा

चाळणी बरोबर की चूक हे ठरवायला दुसरे काहीतरी भक्कम लागते. नैराश्यासाठी रक्ताची तपासणी नाही, त्यामुळे निकष म्हणजे पद्धतशीर निदान-मुलाखत. न्यूझीलंडमध्ये ‘सीआयडीआय’ या मुलाखतीची संगणकीय आवृत्ती वापरली होती. तिच्यात प्रश्न पूर्ण बांधलेले असतात. उत्तर संदिग्ध आले तरी मुलाखतकार आपल्या मनाने खोदून विचारत नाही. याउलट ‘स्किड’सारख्या अर्धबांधलेल्या मुलाखतीत प्रशिक्षित तज्ज्ञ खोलात जाऊन आपला निर्णय देतो. पहिलीत मुलाखतकारांमधला फरक कमी पडतो, दुसरीत निदान क्लिनिकच्या जवळचे असते. मला दुसरी अधिक भरवशाची वाटते, पण तिला वेळ आणि प्रशिक्षित माणूस लागतो. कोणतीही घ्या, फक्त एकाच अभ्यासात काहींना ही आणि काहींना ती असे करू नका.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे पीएचक्यू-२ तपासायला पीएचक्यू-९ हाच निकष धरणे. पीएचक्यू-२ म्हणजे पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या नैराश्य-प्रश्नावलीचेच पहिले दोन प्रश्न. दोन प्रश्नांची तुलना तेच दोन प्रश्न पोटात असलेल्या यादीशी केली की जुळणी चांगली येणारच. त्यातून अचूकता कळत नाही. दुसरी चूक म्हणजे मुलाखत घेणाऱ्याच्या हातात चाळणीचे उत्तर असलेला केसपेपर जाणे. ‘दोन्ही प्रश्नांना हो’ असे वाचलेल्या माणसाचा कान पुढचा अर्धा तास वेगळ्या पट्टीत ऐकतो. संगणकावरच्या मुलाखतीत हा धोका जवळजवळ नसतो. माणूस मुलाखत घेणार असेल तर चाळणीचे उत्तर वेगळ्या कागदावर, फक्त क्रमांकासह, बंद पाकिटात ठेवावे. आणि ‘आम्ही ब्लाइंड होतो’ एवढेच न लिहिता ते कसे साधले हे पेपरात सांगावे.

वेळेचेही बंधन असते. मेजर डिप्रेशनच्या निदानासाठी लक्षणे किमान दोन आठवडे असावी लागतात. चाळणी आज आणि मुलाखत दीड महिन्याने असे झाले तर मधल्या काळात माणूस सावरलेला किंवा ढासळलेला असू शकतो, आणि आपण मात्र चाचणी चुकली असे धरतो. मुलाखत त्याच दिवशी व्हावी. ते शक्य नसेल तर एका आठवड्याच्या आत, आणि प्रत्यक्षात किती दिवसांचे अंतर पडले ते नोंदवावे.

पायरी ३: नमुना किती हवा, हे नैराश्य असलेल्यांच्या संख्येवरून काढा

चारशे एकवीस ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण संवेदनशीलता मोजली जाते ती फक्त नैराश्य असलेल्यांवर, आणि ते होते २९.

समजा तुमचा अंदाज असा आहे की संवेदनशीलता ९० टक्क्यांच्या आसपास येईल आणि ती दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांच्या अचूकतेने सांगायची आहे. गणित असे:

```
n = 1.96² × 0.90 × 0.10 / 0.05² ≈ 139
```

हे १३९ म्हणजे मुलाखतीत नैराश्य निघालेले रुग्ण. ओपीडीत नैराश्याचे प्रमाण ७ टक्के असेल तर इतके मिळायला जवळपास २००० रुग्णांची मुलाखत घ्यावी लागेल. १० टक्क्यांच्या फरकावर समाधान मानले तर ३५ रुग्ण आणि एकूण ५०० पुरतात. प्रबंधाच्या मुदतीत बहुतेकांना हाच दुसरा आकडा झेपतो. त्यात गैर काही नाही, मात्र मग निष्कर्ष त्याच बेताने लिहायचा.

पायरी ४: चार घरांचा तक्ता मांडा

न्यूझीलंडच्या अभ्यासाचे आकडे तक्त्यात असे बसतात:

| | नैराश्य आहे | नैराश्य नाही | एकूण |
|---|---|---|---|
| चाळणी पॉझिटिव्ह | २८ | १२९ | १५७ |
| चाळणी निगेटिव्ह | १ | २६३ | २६४ |
| एकूण | २९ | ३९२ | ४२१ |

संवेदनशीलता उभ्या रांगेत काढतात. नैराश्य असलेल्या २९ पैकी २८ सापडले, म्हणजे ९७ टक्के. विशिष्टता दुसऱ्या उभ्या रांगेत: नैराश्य नसलेल्या ३९२ पैकी २६३ जणांना चाळणीने बरोबर सोडून दिले, म्हणजे ६७ टक्के.

आता ९७ टक्क्यांकडे पुन्हा पाहा. चाळणीतून एकच माणूस निसटला. आणखी एक निसटला असता तर आकडा ९३ वर आला असता, आणखी दोन निसटले असते तर ९० वर. म्हणून पेपरात ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला आहे तो ८३ ते ९९. विशिष्टतेचा मात्र ६२ ते ७२ आहे, कारण तिच्या मागे ३९२ माणसे उभी आहेत. पेपर वाचताना मी आधी या इंटरव्हलचे खालचे टोक पाहतो. ‘जवळपास सगळे सापडतात’ आणि ‘सहातला एक निसटू शकतो’ ही दोन्ही वाक्ये या आकडेवारीत बसतात. स्वतः गणित करताना टक्केवारी टोकाला असेल आणि संख्या लहान असेल तर नेहमीचे साधे सूत्र चालत नाही. ते १०० च्या पुढे जाते. विल्सन पद्धत वापरा. वरच्या २८/२९ ला ती ८३ ते ९९ असेच उत्तर देते.

ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला आडव्या रांगा जास्त कामाच्या. पॉझिटिव्ह आलेल्या १५७ पैकी नैराश्य होते २८ जणांना, म्हणजे १८ टक्के. ही झाली पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. दोन प्रश्नांच्या ‘हो’ वर गोळी लिहिली तर पाचातल्या चार जणांना ती विनाकारण दिली जाईल. निगेटिव्ह आलेल्या २६४ पैकी मात्र २६३ जणांना खरोखरच नैराश्य नव्हते. हेही जरा सबुरीने घ्यावे, कारण कोणतीही चाचणी न करता प्रत्येकाला ‘तुम्हाला नैराश्य नाही’ म्हटले असते तरी ९३ टक्के वेळा ते बरोबर ठरले असते.

या आडव्या टक्केवाऱ्या दुसऱ्या दवाखान्यात जशाच्या तशा नेता येत नाहीत. संवेदनशीलता आणि विशिष्टता तीच धरली आणि नैराश्याचे प्रमाण १५ टक्के असलेली ओपीडी घेतली, तर हजारात १५० जणांना नैराश्य; त्यातले साधारण १४५ सापडतील आणि उरलेल्या ८५० पैकी २८० खोटे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्हपैकी ३४ टक्के खरे. प्रमाण ३ टक्के असेल तर हाच आकडा जेमतेम ८ वर येतो. म्हणून दुसऱ्या अभ्यासातली प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू उचलून आपल्या केंद्राच्या अहवालात टाकू नये. आपले प्रमाण घेऊन हे गणित नव्याने करावे.

पायरी ५: निगेटिव्ह आलेल्यांचीही मुलाखत घ्या

सगळ्यात जास्त अभ्यास इथे बिघडतात, म्हणून जरा थांबतो.

पाचशे जणांच्या मुलाखती घेणे महाग पडते. मग मनात येते, पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांच्या घेऊ आणि निगेटिव्हमधल्या थोड्यांच्या घेऊ. वरच्या तक्त्यावरच हे करून पाहू. पॉझिटिव्ह १५७ च्या सगळ्या मुलाखती झाल्या, निगेटिव्ह २६४ मधून चिठ्ठ्या टाकून २६ निवडले. निसटलेला एक माणूस या २६ मध्ये नसण्याची शक्यता दहात नऊ. तो नसला तर तक्त्यात २८ आणि ०, म्हणजे संवेदनशीलता १०० टक्के! आणि विशिष्टता? नैराश्य नसलेले आता १२९ अधिक २६, म्हणजे १५५. त्यातले बरोबर ओळखलेले २६. सतरा टक्के. चाचणी तीच, माणसे तीच, आणि ६७ चे १७ झाले.

याला उपाय आहे. निगेटिव्हमधून निवडलेला प्रत्येक माणूस साधारण दहा जणांचा प्रतिनिधी आहे, म्हणून त्याला २६४/२६ इतके वजन द्यायचे. विशिष्टता लगेच ६७ वर परत येते. पण दहातल्या एका वेळी तो निसटलेला माणूस २६ मध्ये सापडेल. मग त्याचे वजन दहा धरून निसटलेले दहा होतात आणि संवेदनशीलता २८ भागिले ३८, म्हणजे ७४ टक्के! एका चिठ्ठीवर संवेदनशीलता १०० की ७४ हे ठरते. वजन दिल्याने कल दुरुस्त होतो, अनिश्चितता जात नाही. म्हणून शक्य असेल तर सगळ्यांच्या मुलाखती घ्या. नाहीच जमले तर निगेटिव्हमधून दहावा नव्हे, निदान तिसरा-चौथा हिस्सा घ्या, तो चिठ्ठ्यांनीच निवडा, आणि वजन दिल्याशिवाय कोणताही आकडा छापू नका.

दुसऱ्याच्या पेपरात हा दोष असल्याची खूण सोपी आहे. तक्त्यात निगेटिव्हपेक्षा पॉझिटिव्हच फार जास्त, संवेदनशीलता शंभराच्या जवळ आणि विशिष्टता विचित्र कमी दिसली की किती जणांची चाळणी झाली आणि किती जणांची मुलाखत, हे दोन आकडे शोधा.

पायरी ६: कटऑफ आधी ठरवा

व्हूली प्रश्नांना ‘हो-नाही’ एवढीच उत्तरे असल्याने हा प्रश्न येत नाही. पीएचक्यू-२ मध्ये मात्र प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, बेरीज ० ते ६. कर्ट क्रोएन्के आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या मूळ अभ्यासात ३ या कटऑफवर संवेदनशीलता ८३ आणि विशिष्टता ९२ टक्के आली. अ‍ॅरोल यांच्या गटाने २०१० मध्ये न्यूझीलंडमधल्या २६४२ रुग्णांवर तेच पाहिले, तर ३ वर संवेदनशीलता ६१ टक्केच भरली; विशिष्टता ९२ च राहिली. २ वर आणल्यावर ८६ आणि ७८.

कटऑफ खाली आणला की संवेदनशीलता वाढते आणि विशिष्टता पडते, हे उघडच आहे. गफलत होते ती वेगळी. लहान नमुन्यात सगळे कटऑफ लावून बघायचे आणि ज्यावर बेरीज सगळ्यात सुंदर दिसते तेवढाच छापायचा. त्या नमुन्यातल्या योगायोगालाच मग आपण चाचणीचा गुण म्हणतो. दुसऱ्या गावात तो कटऑफ टिकत नाही. आधी एक कटऑफ प्रोटोकॉलमध्ये लिहा, आणि निकालात शक्य त्या सगळ्या कटऑफचे आकडे द्या, न आवडलेल्यांसकट.

पायरी ७: मराठीत विचारायचे तर

दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात मिळालेली अचूकता मराठी प्रश्नांना आपोआप लागू होत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक उपचाराच्या पाच दवाखान्यांत ५९८ जणांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. तो पेपर २००८ चा. तिथे निकष होता ‘सीआयएस-आर’ ही मुलाखत, आणि शोध फक्त नैराश्याचा नसून चिंता-नैराश्य अशा नेहमीच्या मानसिक आजारांचा होता. आपल्या भागात अभ्यास आखणाऱ्याने तो आधी वाचावा, पण त्यातला लक्ष्य-आजार वेगळा आहे हे विसरून तुलना करू नये.

व्यवहारात दोन गोष्टी बघा. न वाचता येणाऱ्यांना आशाताई किंवा नर्स प्रश्न वाचून दाखवणार असतील, तर अभ्यासातही तसेच व्हायला हवे. कागदावर भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे आकडे तोंडी विचारलेल्याला लावता येत नाहीत. आणि सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मिळालेले ‘नाही’ आणि एकटीने दिलेले ‘नाही’ यांत फरक पडतो, म्हणून प्रश्न कुठे, कोणासमोर विचारले याची नोंद ठेवा.

एथिक्स कमिटी पहिला प्रश्न विचारेल तो मुलाखतीत कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर काय, हा. त्याचे उत्तर नाव आणि वेळेसह हवे: त्याच दिवशी कोणता डॉक्टर पाहणार, तो नसेल तर कोण. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांनाच द्यावा, पण तो या व्यवस्थेला पर्याय नव्हे.

पायरी ८: बायस तपासणे आणि पेपर लिहिणे

बायस तपासायला ‘क्वाडास-२’ ही २०११ ची चौकट सर्वत्र वापरतात. तिचे चार भाग म्हणजे रुग्णांची निवड, चाळणी-चाचणी, निकष, आणि रुग्णांचा प्रवास व वेळ. वरच्या पायऱ्यांत हे चारही भाग येऊन गेले आहेत. प्रत्येक भागाला ‘धोका कमी, जास्त, की अस्पष्ट’ असे उत्तर द्यायचे. माझा आग्रह एवढाच, की ‘जास्त’ लिहिल्यावर त्यामुळे आकडा कोणत्या बाजूला सरकला असेल तेही लिहा. औषधे घेणारे रुग्ण सामील असतील तर संवेदनशीलता फुगलेली. निगेटिव्हच्या मुलाखती वजन न देता कमी घेतल्या असतील तर संवेदनशीलता वर आणि विशिष्टता खाली. मुलाखतकाराला चाळणीचे उत्तर ठाऊक असेल तर दोन्ही वर. दिशा सांगितल्याविना नुसते ‘या अभ्यासाला मर्यादा आहेत’ असे लिहिल्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही.

पेपरासाठी ‘स्टार्ड २०१५’ ची ३० मुद्द्यांची यादी आहे. ती लिहून झाल्यावर नव्हे, प्रोटोकॉल लिहितानाच समोर ठेवा, कारण तीत मागितलेल्या कित्येक नोंदी नंतर भरून काढता येत नाहीत. किती जण आले, किती वगळले, किती जणांनी नकार दिला, किती जणांची मुलाखत अर्धवट राहिली, हा प्रवास आकृतीत दाखवायचा असतो. अर्धवट राहिलेल्यांना गुपचूप ‘नैराश्य नाही’ च्या घरात टाकू नये. त्यांना आधी नैराश्य आहे असे धरून आणि मग नाही असे धरून दोनदा गणित करा, आणि दोन्ही उत्तरे द्या.

निकालाचे वाक्य साधारण असे व्हावे: ‘मानसिक आजाराची औषधे न घेणाऱ्या, ओळीने आलेल्या ४२१ रुग्णांपैकी २९ जणांना मुलाखतीनुसार मेजर डिप्रेशन होते. दोन तोंडी प्रश्नांनी त्यातले २८ ओळखले (९७ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ८३ ते ९९) आणि नैराश्य नसलेल्या ३९२ पैकी २६३ जणांना निगेटिव्ह ठरवले (६७ टक्के, ६२ ते ७२). पॉझिटिव्ह १५७ पैकी १२९ जणांना नैराश्य नव्हते.’ शेवटचे वाक्य सारांशातून गाळण्याचा मोह होतो. ते गाळू नका, कारण त्या १२९ जणांशी पुढचे बोलणे कोण करणार आणि त्याला किती वेळ लागणार, यावरच केंद्राने चाळणी सुरू करायची की नाही हे ठरते.